दिवसाला वीस, नाहीतर दोन: रोजची डबा-बचत, रात्रीची खूण आणि महिन्याचा भरणा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात राहते आणि गावातल्या बचत गटाचं लिहिणं पाहते. 2025 च्या ऑक्टोबरात माझ्या धाकट्या जावेनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावानं पैसे साठवायला घेतले. ती मजुरीला जाते. निंदण, सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, जे काम असेल ते करते. तिचं पाहून शेजारच्या बाया विचारायला लागल्या, दोन-तीन कॉलेजची पोरंही आली. प्रश्न तेच ते येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

नेमकं करायचं काय?

तीन कामं. दिवसभरात कधीतरी डब्यात ठरलेली रक्कम टाकायची. रात्री झोपण्याआधी कॅलेंडरवर तो आकडा लिहायचा. महिना संपला की डबा मोजून पैसे खात्यात भरायचे. यातलं पहिलं काम सगळेच करतात. घरोघरी गल्ला असतोच, आणि तो पोळ्याला नाहीतर पाहुणे आले की फुटतोही. दुसरं आणि तिसरं काम नसेल तर डबा म्हणजे घरातली आणखी एक पर्स. म्हणून इथं डब्यावर कमी आणि उरलेल्या दोन कामांवर जास्त लिहिलंय.

रोज किती टाकायचे? मोबाईलवर पाहिलं, पहिल्या दिवशी एक रुपया, दुसऱ्या दिवशी दोन, असं वर्षभर. ते चांगलं नाही का?

सुरुवात गोड आहे त्याची. पहिल्या 30 दिवसांत 465 रुपये होतात, जमण्यासारखं वाटतं. पण तसंच पुढं गेलात तर शेवटच्या दिवशी एकाच दिवसाचे 365 रुपये टाकायचे असतात. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दरच दिवसाला 312 रुपये होता. म्हणजे अख्खी मजुरी डब्यात टाकून वर 53 रुपये उसने आणायचे. वर्षाचे 66,795 होतात हे खरं, पण दर महिन्याला ठरलेला पगार येणाऱ्याचं ते गणित आहे. आपल्याकडे एका आठवड्यात सहा दिवस काम असतं आणि पुढच्या आठवड्यात पाऊस लागला की एकही दिवस नसतं.

आम्ही दोन आकडे ठरवले. ज्या दिवशी मजुरी पडली त्या दिवशी 20, ज्या दिवशी पडली नाही त्या दिवशी 2. हे दोन रुपये पैशासाठी नाहीत. डबा उघडायची आणि रात्री लिहायची सवय रिकाम्या दिवशीही तुटू नये एवढ्यासाठी ते आहेत. एप्रिल-मे मध्ये शेतात काम नसतं तेव्हा महिन्याचे 60 रुपयेच जमतील, जमू द्या. वीस जड वाटत असतील तर दहा आणि एक ठेवा. मात्र महिन्याच्या मध्ये आकडा बदलू नका. रोज बदलणारा आकडा रात्री लिहायचा कंटाळा येतो, हे माझं स्वतःवर पाहिलेलं आहे.

रात्रीची खूण कुठं आणि कशी करायची?

नवी वही आणू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितो ना आपण, "अर्धा", "एक", "नाही", त्याच चौकोनात करायची. दूध वरच्या कोपऱ्यात आणि डबा खालच्या कोपऱ्यात. जावेचं कॅलेंडर चुलीशेजारच्या भिंतीला आहे, खिळ्याला दोऱ्यानं पेन बांधलेला आहे. पेन शोधावा लागला की आज राहू दे, उद्या लिहू असं होतं आणि दोन दिवसांनी आठवत नाही.

लिहायचा तो डब्यात खरोखर पडलेला आकडा. टाकायचे होते तो नाही. वीस पडले तर 20, दोन पडले तर 2, काहीच नाही पडलं तर ठसठशीत गोल शून्य. चौकोन कोरा ठेवायचा नाही ही एकच सक्त अट आहे. कोऱ्या चौकोनाचा अर्थ महिन्याअखेर लागत नाही. टाकायचं राहिलं, की लिहायचं राहिलं? शून्याचा अर्थ स्पष्ट असतो.

वेळ भांडी आवरल्यानंतरची. जावेच्या फोनमध्ये साडेआठचा गजर लावलाय, नाव दिलंय "डबा". पण गजर बंद करून कूस बदलणं सोपं असतं. तिचा पाचवीतला पोरगा मात्र सोडत नाही. गजर वाजला की अंथरुणातूनच ओरडतो, "माय, टाकले काय?" ती म्हणते, "हाव, टाकले." मग तो उठून स्वतः आकडा लिहितो. विचारणारं माणूस असणं हा खुणेचा अर्धा भाग आहे. एकटं राहणारा असेल तर मित्राला रोज फक्त आकडा पाठवावा, सोबत काही लिहायची गरज नाही.

एक सांगते, रोज डबा मोजू नका. रोज मोजला की पैसे हाताला लागतात आणि काय काय घ्यायचं ते आठवायला लागतं.

वेचणीची मजुरी बाजाराच्या दिवशी एकदम मिळते. रोज कुठून टाकू?

हा प्रश्न खरा आहे. वेचणीचा हिशेब किलोवर असतो आणि चुकता बहुतेक ठिकाणी आठवड्यालाच होतो. अशा वेळी रात्री आकडा लिहा आणि त्याभोवती गोल करा. गोल म्हणजे डब्याचं माझ्याकडे देणं आहे. बाजाराच्या दिवशी मजुरी हातात आली की आधी आठवड्यातले गोल मोजायचे. सहा दिवस वेचलं असेल तर सहा गोल, 120 रुपये. ते डब्यात टाकायचे, प्रत्येक गोलावर आडवी रेघ मारायची आणि मग पिशवी घेऊन निघायचं. बाजारातून आल्यावर टाकू म्हटलं की काय होतं ते खाली जावेच्या हिशेबात दिसेल.

मजुरी थेट शेतातून बाजारात जाताना वाटेतच मिळत असेल तर 120 रुपये वेगळे काढून पदराच्या गाठीत बांधा, पर्समध्ये ठेवू नका. गाठ सोडायला दोन हात आणि थोडा विचार लागतो.

एखाद्या दिवशी टाकलंच नाही, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट टाकायचे का?

नाही. शून्य लिहा आणि पुढं चला. चार दिवसांचे साचले की ऐंशी रुपये एकदम निघत नाहीत आणि त्या पायी माणूस सगळंच सोडून देतो. गोल वेगळा आणि शून्य वेगळं, एवढं लक्षात ठेवा. गोल फेडायचा असतो, शून्याचं काहीही देणं नसतं.

मधेच डब्यातून काढावे लागले तर?

काढा. दवाखान्याला घरात दुसरे पैसे नसताना डब्याला हात लावायचा नाही म्हणणं हा मूर्खपणा आहे. फक्त त्याच रात्री चौकोनात वजा करून लिहा आणि कशाला ते एका शब्दात लिहा. "−60 औषध". एवढंच.

न सांगता काढणं मात्र घराघरात चालतं. नवरा खर्ऱ्यासाठी दहाची नोट काढतो, पोरगं कुरकुऱ्यांसाठी. यावर कुलूप लावून फायदा नाही, कुलपाची किल्लीही घरातच असते. आमच्याकडे भाऊजींनाच सांगितलं, काढा पण कॅलेंडरवर तुमच्या हातानं लिहा. पहिल्यांदा लिहिलं, "−10 खर्रा". पोरानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तेव्हापासून त्यांचं लिहिलेलं काही दिसलं नाही.

महिन्याच्या भरण्याची आठवण कोणत्या तारखेला लावू?

तारखेला लावूच नका, बाजाराला लावा. महिन्याचा पहिला आठवडी बाजार.

त्याची कारणं अशी. तालुक्याला जायला-यायला भाडं लागतं, वर दिवस मोडतो. 300 रुपये भरायला कोणी एक रोज पाडणार नाही. बाजाराला तर आपण जातोच, बँकही तिथंच असते. आता तारखेचं पाहा. आठवड्याचा कोणताही वार घ्या, महिन्यातला पहिला तो वार 1 ते 7 तारखेच्या आतच येतो. पोस्टाच्या बचत खात्यात व्याज धरतात ते 10 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात कमीत कमी जेवढी रक्कम राहिली तिच्यावर. म्हणजे 10 तारखेच्या आत भरलं तर त्या महिन्याचं व्याज मिळतं, 11 ला भरलं तर त्या पैशावर त्या महिन्याचं मिळत नाही. पहिला बाजार गाठला की हे आपोआप साधतं, तारीख लक्षात ठेवावी लागत नाही.

पण यात फार मोठं काही आहे असं समजू नका. पोस्टाच्या बचत खात्याचा दर वर्षाला 4 टक्के आहे. 280 रुपयांवर महिन्याचं व्याज होतं सुमारे 93 पैसे, तेही वर्षअखेर जमा होतं. पहिला बाजार धरायचा खरा फायदा वेगळा आहे. महिना संपून डबा जितके दिवस भरलेला घरात राहतो, तितक्या दिवसांत त्याला काहीतरी कारण सापडतं.

पहिल्या बाजाराला बँक बंद निघाली किंवा "लिंक नाही" म्हणाले तर दुसऱ्या बाजाराला भरा. तेवढ्यासाठी वेगळी खेप करू नका.

ती आठवण फोनमध्ये कशी लावायची?

गूगल कॅलेंडरमध्ये नवीन नोंद करताना कोणत्याही महिन्याचा पहिला मंगळवार (किंवा तुमच्या बाजाराचा वार) निवडा. मग परत परत येण्याच्या पर्यायात Custom मध्ये जाऊन महिना निवडला की Monthly on the first Tuesday अशी निवड येते. वेळ बाजाराच्या सकाळची ठेवा, सात वाजताची. दुसरी आठवण आदल्या संध्याकाळची, सुटे बदलून आणायला.

साधा बटणाचा फोन असेल तर हे सगळं सोडा. वर्षाचं कॅलेंडर घरी आलं की त्याच दिवशी बाराही महिन्यांच्या पहिल्या बाजाराच्या चौकोनाला लाल पेनानं चौकट करून ठेवा. जावेचं तसंच आहे.

एका महिन्याचा खरा हिशेब दाखवाल का?

जावेचा ऑक्टोबर 2025, तिला विचारून लिहितेय.

महिन्याचे 31 दिवस. 19 दिवस काम होतं, 12 दिवस नव्हतं. ठरल्याप्रमाणे सगळे टाकले असते तर 19 विसाचे 380 आणि 12 दोनाचे 24, मिळून 404 व्हायला हवे होते.

कॅलेंडर काय म्हणालं? 17 चौकोनांत 20, म्हणजे 340. नऊ चौकोनांत 2, म्हणजे 18. पाच चौकोनांत शून्य. बेरीज 358. एका ठिकाणी वजा होतं, पोराच्या तापाचं औषध, 60. म्हणजे डब्यात 298 असायला हवेत.

31 तारखेच्या रात्री आम्ही दोघी डबा घेऊन बसलो. चटईवर ओतला, विसाच्या नोटा वेगळ्या, नाणी दहा-दहाच्या ढिगाऱ्यांत. 288 निघाले. पुन्हा मोजले, 288 च. दहाचा फरक. ती भिंतीकडे पाहत बसली आणि मग म्हणाली, "दळण!" चक्कीवाल्याला सुटे द्यायला घाईत दहाची नोट काढली होती, लिहिली नव्हती.

फरकाबाबत माझा नियम असा आहे: वीस रुपयांपर्यंतचा असेल तर कॅलेंडरच्या खाली "फरक 10" लिहायचं आणि विषय सोडायचा. रात्रभर शोधत बसायचं नाही. पण तीन महिने ओळीनं फरक येतोय आणि दरवेळी डब्यात कमीच निघतंय, तर मात्र कुणीतरी न लिहिता काढतंय. डब्याची जागा बदला आणि घरात विचारा.

त्या पाच शून्यांकडे पाहा, महिन्याचं सगळ्यात उपयोगी तेच निघालं. तीन शून्यं लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत होती, 21, 22 आणि 23 तारखेला. माहेरी जाणं, पाहुणे, समजण्यासारखं आहे. उरलेली दोन 7 आणि 28 तारखेला, दोन्ही कामाच्या दिवशी. मी विचारलं, "इथं गोल शून्य काहून वं?" "मंगळवार हाये ना बाई," ती म्हणाली, "बाजार होता." दुपारपर्यंत काम, मग अंगावरच्या कपड्यांनी बाजार, आणि घरी येईपर्यंत हातात बसच्या तिकिटाशिवाय काही नाही. हे तिला आधी माहीत नव्हतं असं नाही, पण भिंतीवर एका उभ्या ओळीत ती शून्यं दिसली तेव्हा ते पटलं. नोव्हेंबरपासून ती मंगळवारचे वीस सकाळीच, कामाला निघताना, सोमवारच्या मजुरीतून टाकते.

मोजलेल्यातले 280 वेगळे काढून रुमालात गाठ मारली, आठ रुपये नोव्हेंबरची सुरुवात म्हणून डब्यातच ठेवले. 4 नोव्हेंबरला पहिला मंगळवार होता. आदल्या संध्याकाळी किराणा दुकानातून सुटे बदलून घेतले: दोन शंभराच्या, एक पन्नासची, एक विसाची, एक दहाची. दुकानदाराला सुटे हवेच असतात, तो हसून देतो. बाजाराच्या गर्दीत काउंटरवर नाण्यांची पुरचुंडी सोडली तर मागची रांग हसत नाही.

खातं कोणतं हवं?

ज्यात मजुरी येते तेच जनधन खातं असेल तर तेही चालेल, किमान शिल्लक ठेवायची अट त्यात नाही. पण त्यातून येणं-जाणं चालू असतं आणि आपली बचत त्यात मिसळून जाते. मला विचाराल तर पहिले दोन महिने जनधनमध्येच भरा, आणि 500 रुपये झाले की पोस्टात वेगळं बचत खातं काढा. पोस्टात 500 नं खातं उघडतं, तेवढी शिल्लक कायम ठेवावी लागते, आणि पुढं दहा रुपयेही भरता येतात. गावात शाखा डाकघर असेल तर तालुक्याला जायचीही गरज नाही. ते दिवसातून थोडेच तास उघडं असतं, तेवढी वेळ विचारून घ्या.

बँक मित्राकडे भरणार असाल तर दोन गोष्टी. कापूस वेचून बोटं बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली असतात आणि अंगठा मशीनवर लागत नाही. हात धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून पाहा. आणि "नाही लागला, पुन्हा लावा" म्हटलं तर पुन्हा लावण्याआधी मशीनवर काय दिसतंय ते वाचायला सांगा. माझ्या आईच्या बाबतीत एका केंद्रावर असंच दोनदा अंगठा लावून घेतला आणि पासबुक भरल्यावर कळलं की दोन्ही वेळा पैसे निघाले होते. भरणा असो की काढणं, छापील पावती घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. घरी येऊन ती पावती कॅलेंडरच्या त्या महिन्याच्या पानाला पिन करा.

आणखी एक. खात्यात दोन वर्षं आपल्याकडून काहीच व्यवहार झाला नाही तर बँक ते निष्क्रिय करते आणि पुन्हा कागदपत्रं द्यावी लागतात. जुनं विसरलेलं खातं वापरायला काढणार असाल तर पैसे घेऊन जाण्याआधी ते चालू आहे का विचारा.

दारावर रोज पैसे न्यायला पिग्मीवाला येतो. मग ही सगळी खटपट कशाला?

सोय मोठी आहे, नाही म्हणत नाही. रोजची खूणही तोच करतो, कार्डावर सही मारतो. पण पैसे कुठं जातात ते पाहा. बँकेची पिग्मी असेल तर प्रत्येक खातेदाराच्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं. माझ्या वडिलांनी तीन वर्षं एका पतसंस्थेत रोज दहा रुपये भरले, एक दिवस कुलूप लागलं आणि कार्ड तेवढं राहिलं. म्हणून विचारायचा प्रश्न एकच, ही बँक आहे की पतसंस्था? पोस्टातल्या पैशाला सरकारची हमी असते.

डोक्यावर उधारी आहे. आधी ती फेडू की डबा भरू?

कुणाची उधारी त्यावर आहे. किराणावाल्याची असेल, जी चुकाऱ्याला बिनव्याजी फिटते, तर डबा चालू ठेवा. सावकाराची असेल तर नाही. शेकडा तीन म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये, वर्षाला 36. तुमच्या डब्यातले शंभर पोस्टात वर्षाला चार रुपये कमावतात आणि तेच शंभर सावकाराकडे छत्तीस खातात. अशा वेळी डब्यातले महिन्याचे पैसे पहिल्या बाजाराला सावकाराकडेच न्या, फक्त दीड-दोनशे रुपये दवाखान्यासाठी ठेवा. रात्रीची खूण तशीच चालू राहू द्या. भरण्याची जागा बदलली, बाकी काही नाही.

लाडकी बहीणचे पैसे खात्यात येतात. ते न काढता तसेच ठेवले तर ती बचतच झाली ना?

झाली की. पण ते ठरलेल्या तारखेला येत नाहीत आणि त्यात रोजचं काही नाही. ते डब्याच्या हिशेबात धरू नका, नाहीतर मंगळवारची शून्यं त्याच्याखाली झाकली जातात.

आरडी कधी काढायची?

पहिले सहा महिने नाही. सहा महिन्यांची कॅलेंडरची पानं समोर ठेवा आणि सगळ्यात कमी रक्कम कोणत्या महिन्याला भरली ते पाहा. ती 140 असेल तर आरडी 100 ची काढा, 200 ची नाही. लोक चांगला महिना पाहून आरडी काढतात आणि उन्हाळ्यात अडकतात.

पोस्टाची आरडी महिन्याला 100 रुपयांपासून, 5 वर्षांची असते. ऑक्टोबर 2023 पासून तिचा दर 6.7 टक्के झाला. सरकार तो दर तीन महिन्यांनी ठरवतं, म्हणून उघडताना विचारून घ्या. या दरानं 100 रुपयांचे 60 हप्ते, म्हणजे 6,000 भरले तर शेवटी सुमारे 7,137 मिळतात. हप्ता चुकला तर शंभराला महिन्याला एक रुपया दंड. ओळीनं चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं आणि ते पुन्हा चालू करायला दोन महिन्यांचीच मुदत असते. तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, पण बारा हप्ते भरल्यावर जमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं.

खातं महिन्याच्या 15 तारखेच्या आत उघडा. मग पुढचे सगळे हप्तेही 15 च्या आत भरायचे असतात, आणि पहिला बाजार हुकला तरी दुसरा 8 ते 14 च्या मध्ये येतो, तोही मुदतीतच.

डब्यातली नोट उंदरानं कुरतडली. गेली का?

वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा एकसंध तुकडा शिल्लक असेल तर बँकेत पूर्ण पैसे मिळतात. पन्नास आणि वरच्या नोटेला पूर्ण पैशासाठी 80 टक्क्यांहून जास्त तुकडा लागतो, 40 ते 80 असेल तर अर्धे मिळतात. डबा पत्र्याचा किंवा स्टीलचा, घट्ट झाकणाचा घ्या. जावेचा आधी पुठ्ठ्याचा होता.

दहाचं नाणं कोणी घेत नाही. ते डब्यात टाकू का?

टाका. रिझर्व्ह बँकेनं 2018 मध्येच सांगितलंय की दहाच्या नाण्याचे तेव्हाचे चौदाही नमुने चालतात, रुपयाचं चिन्ह असलेलं असो की नसलेलं. बाजारात भाजीवाली नाही म्हणते, पोस्टात घेतात. जावेनं तर युक्तीच केली आहे: हातात आलेलं दहाचं नाणं सरळ डब्यात. बाहेर कोणी घेत नाही म्हणून ते डब्यातून परतही निघत नाही.